मुलांच्या हातात कोणता दोरा?

संक्रांत जवळ आली की घरात पतंगांची बोलणी सुरू होतात. किती पतंग आणायचे, ढाल आणायची की छोटे, रंग कोणते, हे सगळे ठरते. दोरा मात्र दुकानदार देईल तो किंवा मुलगा मागेल तो घेतला जातो. हा क्रम उलटा हवा. पतंगामुळे मुलाला क्वचितच इजा होते. इजा होते ती दोऱ्यामुळे, नाही तर पतंग पाहताना मूल जिथे उभे असते त्या जागेमुळे. म्हणून दोरा आधी ठरवावा, मग जागा, मग वेळ, आणि पतंग शेवटी. आणि दोरा ठरवताना माझे म्हणणे एकच आहे: बारा वर्षांखालचे मूल ज्या पतंगाला हात लावणार आहे, त्याला साधी सद्दीच बांधावी. सद्दी म्हणजे काचेचा लेप नसलेला, पिळाचा सुती दोरा. त्या पतंगाने पेच लढवायचे नाहीत. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होईल, आणि त्यांचे आक्षेप खरेच विचारात घेण्यासारखे आहेत. पण आधी दोरा कापतो कसा, ते पाहू.

टोमॅटोवर सुरी नुसती टेकवून दाबली तर साल दबते. तीच सुरी थोडी ओढली की अलगद आत शिरते. मांजाही असाच कापतो. तो बारीक असतो, त्यामुळे ओढीचा सगळा भार कातडीच्या केसाएवढ्या पट्टीवर येतो. त्याच वेळी तो सरकतही असतो, आणि घाव होतो तो या सरकण्यानेच. पारंपरिक मांजात भाताची खळ किंवा सरस यांच्यात काचेची पूड कालवून सुती दोऱ्यावर चढवतात. ती पूड करवतीच्या दातांसारखे काम करते. पण या मांजाचा गाभा सूत असल्यामुळे जोराचा ताण आला की तो तुटतो, आणि त्या तुटण्याने अनेकांचे गळे वाचले आहेत. लोक ज्याला ‘चिनी मांजा’ म्हणतात तो नायलॉनचा किंवा तसाच दुसरा कृत्रिम धागा असतो आणि पुष्कळदा आपल्याच देशात तयार होतो. तो ताणला की आधी लांबतो, तुटत नाही. त्यामुळे एका टोकाला पतंग किंवा झाड आणि दुसऱ्या टोकाला चालती दुचाकी असेल, तर मधे सापडलेली मान, कान किंवा बोट हाच सगळ्यांत कच्चा दुवा ठरतो.

वेगाचा हिशेबही एकदा करून पाहावा. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. रस्त्यावर आडवा आलेला दोरा उन्हात चार-पाच मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे तो दिसला हे मेंदूला कळून हात ब्रेककडे जाईपर्यंत दुचाकी दोऱ्याच्या पलीकडे पोहोचलेली असते. ‘सांभाळून चालवा’ हा सल्ला इथे पुरा पडत नाही तो यामुळे. ज्याने दोरा सोडला त्याच्याच हातात काही करण्यासारखे होते.

दोऱ्याचे बळी बहुतेकदा पतंग उडवणारे नसतात, ही गोष्ट दिल्लीत 15 ऑगस्ट 2016 रोजी फार क्रूरपणे समोर आली. तिकडे पतंगांचा मोठा दिवस स्वातंत्र्यदिन असतो. त्या दिवशी तीन-चार वर्षांची दोन मुले वेगवेगळ्या ठिकाणी गाडीच्या छताच्या खिडकीतून डोके बाहेर काढून उभी होती, आणि मांजाने गळा कापून दोघांचाही जीव गेला. दोघांपैकी कुणाच्याही हातात पतंग नव्हता. त्यानंतर दिल्ली सरकारने जानेवारी 2017 मध्ये अधिसूचना काढली. काच, धातू किंवा दोरा बळकट करणारे इतर काहीही न लावलेल्या सुती दोऱ्यानेच पतंग उडवता येईल, असे तिने ठरवले. पुढे 11 जुलै 2017 रोजी राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजाचे उत्पादन, विक्री, साठवण आणि वापर यांवर देशभर बंदी घातली. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. नागपुरात तर संक्रांतीच्या दिवशी उड्डाणपूल वाहतुकीला बंद ठेवण्याची वेळ आली. एका खेळासाठी शहराला आपले पूल बंद ठेवावे लागतात, एवढ्यावरून प्रश्न केवढा आहे ते समजावे.

इथे पहिला आक्षेप येतो. बंदी नायलॉनवर आहे. मग सुती मांजा, आपला जुना बरेली मांजा, मुलांना द्यायला काय हरकत? मोठ्यांसाठी या प्रश्नाचे उत्तर काहीही असो, मुलांसाठी ते वेगळे आहे. सुती मांजा तुटतो हे खरे, पण तुटण्याआधी तो कापतो. आठ वर्षांच्या मुलाच्या तर्जनीची कातडी मोठ्या माणसाच्या हातापेक्षा पातळ आणि मऊ असते, आणि तिच्याखाली बोट वाकवणारी शीर फार वर असते. शिवाय सराईत पतंगबाज ढील देताना दोरा बोटावरून सोडतो आणि बोटाला चिकटपट्टी गुंडाळतो. पट्टी सैल झाल्याचे त्याला स्पर्शाने कळते. मुलाचे सगळे लक्ष आभाळात असते. पतंग सुसाट सुटला की ते दोरा घट्ट धरते, आणि दुखापत नेमकी त्या क्षणी होते. बाजारातले ‘सुती’ हे नावही नेहमी खरे नसते. सुतात पॉलिस्टर मिसळलेले दोरेही सुती म्हणून विकले जातात.

म्हणून चक्री घरी आणल्यावर मोठ्याने एक छोटी परीक्षा करावी. दोऱ्याचा वीतभर तुकडा कापून त्याचा पीळ उलटा सोडावा. सूत असेल तर बारीक, केसाळ तंतू सुटे होतात. एकसंध, गुळगुळीत तार राहिली तर तो मांजा घरात ठेवूच नये. पीळ सुटला तरी शंका असेल, तर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवावा. सूत कागदासारखे जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटाने चुरगळेल अशी राख उरते. कृत्रिम धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, आणि टोकाला टणक मणी तयार होतो. मिश्र धाग्यात थोडी राख आणि थोडा टणक गोळा, असे दोन्ही दिसते. तोही परत करावा. काचेसाठी मात्र जाळायची गरज नाही. दोरा पांढऱ्या कागदावर घासला की लेप असलेला दोरा कागद खरवडतो आणि रंग सोडतो. सद्दी काहीच करत नाही. ही परीक्षा मुलांसमोर करावी, पण काडी त्यांच्या हातात देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा असतो. पेच नाही, ‘ओ काट’ची आरोळी नाही, मग संक्रांत कसली? शिवाय आजूबाजूचे सगळे मांजाने खेळत असताना आपली सद्दी दोन मिनिटांत कापली जाणार, आणि मूल रडत बसणार. पेचात एक ईर्ष्या आहे आणि तीच या खेळाची खरी चव आहे, हे मला मान्य आहे. पण घातक दोरा बाजारात टिकून आहे तो याच ईर्ष्येमुळे. नुसता पतंग उडवायला कुणालाही काचेची गरज पडत नाही. दुसऱ्याचा कापायचा असेल तरच ती लागते, आणि एकाने धारदार दोरा आणला की शेजाऱ्याला त्याहून धारदार हवा असतो. मुलाला या चढाओढीत आपण उतरवायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला पतंगाची कन्नी बरोबर बांधणे, तो वारा धरतो का हे पाहणे, झटका देऊन त्याला वळवणे आणि उतरवून परत हातात घेणे, एवढे शिकायला एक संक्रांत पुरत नाही. हे सगळे सद्दीवरच चांगले येते.

आपली सद्दी कापली जाणार, हे मात्र नाकारता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. मुलाच्या पतंगाला शंभर फुटांपेक्षा जास्त दोरा द्यायचा नाही. पेच लढवणारे त्याच्या कितीतरी वर असतात, त्यामुळे छोटा पतंग खालच्या हवेत बराच वेळ सुखरूप राहतो. आणि तरीही कुणाचा दोरा येऊन अडकलाच, तर ओढायचे नाही, सोडून द्यायचे. दोन दोरे एकमेकांवर ताणले जातात तेव्हा धार चालते, आणि ओढणाऱ्याच्या बोटाकडे सरकणारा दोरा आता शेजाऱ्याचा असतो, आपला नसतो. पतंग गेला तर जाऊ द्यावा. संक्रांतीचा छोटा कागदी पतंग ही घरातली सगळ्यांत स्वस्त वस्तू असते. मुलाला आधीच चार-पाच पतंग दाखवून ‘यातले काही आज जाणार’ असे सांगितले, तर रडणे निम्मे कमी होते.

‘आम्ही लहानपणी मांजा स्वतः सुतवला, आम्हाला काही झाले नाही,’ हा तिसरा आक्षेप आजोबांकडून येतो, आणि त्यांना उत्तर आदरानेच द्यायला हवे. त्यांचा मांजा सुती होता. रस्त्यावर सायकली जास्त होत्या आणि दुचाकी थोड्या. गावात उड्डाणपूल नव्हते, आणि घरे कौलारू किंवा एकमजली होती. त्यांच्या काळात मैदानही घराजवळ होते. आज धागा बदलला, वाहनांचा वेग बदलला आणि गच्चीची उंची वाढली. शिवाय ज्यांना काही झाले नाही तेच आज ही आठवण सांगू शकतात. त्या आठवणीवरून जोखीम मोजता येत नाही.

आता वयाचे. ‘पतंग कितव्या वर्षापासून?’ असा एकच प्रश्न विचारला तर चुकीचे उत्तर मिळते, कारण पतंग उडवणे हे एक काम नाही. खाली उभे राहून पाहणे, पतंग दोन्ही हातांनी धरून वर सोडणे, चक्री धरणे, ताणलेला दोरा धरणे, गच्चीवर उभे राहणे, पेच लढवणे आणि कटलेल्या पतंगामागे धावणे ही सात निराळी कामे आहेत आणि प्रत्येकाचे वय निराळे आहे. मी या मर्यादा मुलाची पकड, लक्ष आणि अंतराचा अंदाज यांवरून मांडतो आहे. पाच वर्षांखाली ताणलेला दोरा हातात देऊ नये. पतंग धरून सोडणे आणि त्याला शेपूट चिकटवणे हे त्या वयाला पुरेसे असते. पाच ते आठ या वयात सद्दी धरता येईल, पण जमिनीवर, आणि मुलाच्या हातापुढे दोऱ्यावर मोठ्याचाही हात असावा. आठ ते बारा या वयात मूल स्वतः उडवेल, मोठा माणूस चक्री धरेल. बारा पूर्ण झाल्यावर, आणि तेही चार संक्रांती सद्दीवर घालवल्या असतील तर, मोठ्यांबरोबर सुती दोऱ्याच्या पेचाचा विचार करावा. नायलॉन कोणत्याही वयात नाही. आणि कटलेल्या पतंगामागे रस्त्यावर धावणे, यालाही वय नाही. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ लहान मुलांना नीट घालता येत नाही. त्यात डोके वर असेल तर मोठ्यालाही येत नाही.

प्रत्येक मूल वेगळे असते, हे खरे. म्हणून वरची वये ही परवानगीची तारीख नाही, किमान मर्यादा आहे. मूल खरेच तयार आहे का, हे मैदानात अर्ध्या मिनिटात कळते. पतंग हवेत असताना त्याला सांगावे, ‘सोड!’ आणि पाहावे. जे मूल दोरा लगेच सोडते, त्याला धोक्याच्या वेळी वाचवता येईल. जे आणखी घट्ट धरते, ते दहा वर्षांचे असले तरी गच्चीवर नेण्यासारखे नाही. ही परीक्षा पतंग गमावण्याच्या किमतीत होते, त्यामुळे तिच्यात काटकसर करू नये.

गच्चीची गोष्ट जरा सविस्तर पाहायला हवी, कारण पडणे कसे घडते हे बहुतेकांना चुकीचे माहीत असते. मूल पतंगाच्या दिशेने कठड्यावरून वाकून पडेल, अशी भीती आपल्याला असते. पण पतंग वाऱ्याच्या दिशेने पुढे जातो, उडवणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे असते, आणि पतंग उतरू लागला की दोरा ताणण्यासाठी तो मागे मागे सरकतो, नजर वर ठेवून. म्हणून धोक्याची कड त्याच्या पाठीमागची असते, जिकडून वारा येतो ती. तिकडे कुणी पाहत नसते.

समजा, नागपुरातले एक दुमजली घर आहे. गच्ची तीस फूट लांब, वीस फूट रुंद, कठडा अडीच फुटांचा. घरात अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. कठडा पुरेसा आहे का, हे टेपने नाही, मुलाला शेजारी उभे करून पाहावे. अडीच फूट म्हणजे साधारण 76 सेंटिमीटर. अकरा वर्षांच्या मुलाची उंची 140 सेंटिमीटरच्या आसपास असते आणि त्याच्या अंगाचा तोल बेंबीच्या जवळपास, म्हणजे या कठड्याच्या किंचित वरच असतो. म्हणजे मागे सरकताना पायाला किंवा मांडीला कठडा लागला की धड पलीकडे जाऊ शकते. कठडा छातीपर्यंत येत असेल तरच त्याला कठडा म्हणावे. या घरातल्या सहा वर्षांच्या मुलीने सकाळी जवळच्या मैदानात उडवावे, हे वयावरून आधीच ठरले. मुलासाठीही मैदान हाच चांगला पर्याय. पण मैदान नसेलच, तर या गच्चीवर एक उपाय आहे: त्याने बसून उडवावे.

नागपुरात जानेवारीत वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो. म्हणजे पाठ उत्तरेला. गच्चीवर जिन्याची खोली असतेच. तिच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ टेकवून सतरंजीवर मुलाला बसवावे. मागे भिंत आहे आणि मूल बसलेले आहे, त्यामुळे मागे सरकणे संपले. एक अडचण येते: भिंतीच्या आडोशाला वारा घुमतो आणि तिथून पतंग चढत नाही. म्हणून मोठ्याने गच्चीच्या मोकळ्या मधल्या भागात पतंग चढवावा, तो शांत हवेच्या वर गेला की दोरा हातात धरून हळूहळू भिंतीकडे यावे आणि मग मुलाच्या हातात द्यावा. कठड्यापासून सहा फुटांवर खडूने रेघ मारावी आणि पतंग उतरवतानाही ती ओलांडायची नाही. पाण्याच्या टाकीचा ओटा, विटांचा ढीग, खुर्ची यांवर चढायचे नाही, कारण त्यावर उभे राहिल्यावर अडीच फुटांचा कठडा गुडघ्याला येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: जो मोठा माणूस सोबत आहे त्याने त्या वेळी स्वतःचा पतंग उडवायचा नाही. गच्चीवर सात-आठ माणसे असतात आणि प्रत्येकाला वाटते, मुलाकडे दुसरे कुणी पाहत असेल. एका मुलामागे एक नाव ठरवून घ्यावे, आणि त्याने आभाळाकडे नाही, मुलाच्या पायांकडे पाहावे.

याच गच्चीवर आणखी एक गोष्ट सहज निसटते, ती म्हणजे ऊन. पाठ उत्तरेला म्हणजे तोंड दक्षिणेला. संक्रांतीच्या सुमारास नागपुरात सूर्य दुपारीही डोक्यावर येत नाही; तो दक्षिणेला, क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपास राहतो. चांगला चढलेला पतंगही जवळजवळ त्याच उंचीवर दिसतो. म्हणजे साडेअकरा ते दोनपर्यंत मुलाला पतंग पाहायचा तर सूर्याकडेच पाहावे लागेल, आणि मूल ते करते. काळ्या चष्म्यावर भरवसा ठेवू नये; वेळच बदलावी. नऊ ते अकरा ही मुलांची वेळ. तेव्हा सूर्य डाव्या हाताला असतो आणि वाराही पुरेसा सुटलेला असतो. नऊच्या आधी आणि सूर्यास्ताच्या सुमारास पतंग न उडवण्याचे कारण पक्षी आहेत. बगळे, घारी आणि पोपट याच वेळी थव्याने ये-जा करतात.

साधी सद्दीही वेगाने सरकली की कातडी भाजते. त्यामुळे मुलाच्या दोन्ही तर्जन्यांच्या मधल्या पेरावर कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. दोरा हाताला, मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू द्यायचा नाही. ढील द्यायची तर मोठ्याने चक्री फिरवून द्यायची, मुलाच्या मुठीतून नाही. वारा इतका वाढला की मुलाचे हात पुढे ओढले जाऊ लागले, तर पतंग छोटा घ्यावा किंवा उतरवावा.

विजेच्या तारांबद्दल नियम छोटा आहे आणि त्यात तडजोड नाही. पतंग तारेत अडकला की तो आपला राहिला नाही. दोरा तिथेच सोडून द्यायचा. काठी, लोखंडी सळई, दोऱ्याला दगड बांधून केलेला लंगड, यांपैकी काहीही वापरायचे नाही. धातूची पूड लावलेल्या मांजातून आणि ओल्या दोऱ्यातून वीज उतरू शकते, आणि ओढाताणीत दोन तारा एकमेकींना लागल्या तर ठिणग्या उडतात. तार तुटून लोंबत असेल तर मुलांना लांब नेऊन महावितरणला 1912 वर कळवावे. ज्या गच्चीवरून हात लांबवल्यावर तार जवळ वाटते, तिथे पतंग उडवूच नये.

पतंग न उडवणाऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न दिल्लीच्या त्या दोन मुलांमुळे टाळता येत नाही. आपल्याकडे स्कूटरच्या पुढच्या फळीवर मुलाला उभे करण्याची सवय आहे. तिथे उभ्या असलेल्या चार वर्षांच्या मुलाची मान साधारण हँडलच्या वर येते, आणि आडवा दोरा चालवणाऱ्याच्या आधी त्याला लागतो. संक्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस मुलाला पुढे उभे करूच नये. मागे, मोठ्याच्या पाठीआड बसवावे, आणि शक्य असेल तर त्या दिवशी रिक्षा किंवा बस घ्यावी. चालवणाऱ्याने हेल्मेटची काच खाली ठेवावी, गळ्याभोवती जाड मफलर घ्यावा आणि वेग वीस-पंचवीसच्या पुढे नेऊ नये. हँडलला लावायची उलट्या ‘यू’सारखी तार मिळते, ती दोरा वर उचलून डोक्यावरून नेते, त्यामुळे तिचा उपयोग आहे. पण तिची उंची चालवणाऱ्याच्या डोक्याच्या वर असेल तरच. मफलरने नायलॉन थांबेलच असे नाही, तरी त्यामुळे एक क्षण मिळतो.

रस्त्यात किंवा अंगणात सैल लोंबणारा दोरा दिसला की मूल तो पकडायला धावते. त्याला एकच गोष्ट शिकवावी: सैल दिसणाऱ्या दोऱ्याचे दुसरे टोक कुठे आहे, ते आपल्याला दिसत नाही. ते गच्चीवरच्या कुणाच्या हातात असेल किंवा ट्रकच्या चाकात. दोरा एका क्षणात ताणला जातो. मुलाने मोठ्याला हाक मारावी. मोठ्याने आधी त्यावर बूट ठेवावा, कात्रीने कापावा आणि मग गोळा करावा.

एवढे करूनही बोट कापलेच, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. मधे मधे उघडून पाहू नये. रक्त थांबल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. मुलाला त्या बोटाचे प्रत्येक पेर वेगवेगळे वाकवता येते का, आणि कापलेल्या जागेच्या पुढे बोटाच्या टोकाला हलका स्पर्श कळतो का. यातल्या एकाचेही उत्तर नाही असे आले, तर जखम कितीही छोटी दिसत असली तरी आतली शीर किंवा मज्जातंतू कापलेला असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही तिथे विचारावे. मानेची जखम मात्र वेगळी. तिथे कापडाने थेट जखमेवर दाब द्यावा, गळ्याभोवती पट्टी आवळू नये. कापड भिजले तर ते काढू नये, वरून दुसरे ठेवावे. दोरा आत रुतलेला असेल तर ओढू नये. दाब न सोडता 108 ला फोन करावा.

किंक्रांतीच्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन गच्ची, अंगण आणि समोरचा रस्ता फिरावा. पाइप, तुळशीवृंदावन, डिशची तार, आंब्याची खालची फांदी, जिथे जिथे दोरा दिसेल तो मोठ्याने कापावा. मुलांनी हातमोजे घालून तो पिशवीत टाकावा. सूत पावसाळ्यात कुजते. नायलॉन वर्षानुवर्षे तसाच राहतो, म्हणून त्याचे वीतभरापेक्षा लहान तुकडे करून बंद पिशवीतूनच कचऱ्यात द्यावेत. हात पोहोचत नाही तिथे मुलांना झाडावर चढवू नये. आणि त्या दोऱ्यात एखादा बगळा किंवा घार अडकलेली दिसली, तर ओढून सोडवायला जाऊ नये, कारण ओढले की पंख कापतो. अग्निशमन दलाला 101 वर सांगावे. ते येईपर्यंत मुलांना आवाज न करता लांब उभे करावे, आणि पक्षी खाली आला तर अंधाऱ्या, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावा.